एकसष्ट टक्के म्हणजे फर्स्ट क्लास

कारखान्यात परदेशी पाहुणे येणार असले की सर्वांत आधी स्टोअरमधला पिवळा रंग संपतो. फरशीवरचे जुने पट्टे पुसट झालेले असतात, त्यांच्यावर रात्रपाळीत नवे मारले जातात. एखादी ट्रॉली वर्षानुवर्षं एकाच जागी उभी असेल, तर ती न हलवता तिच्याभोवतीनंच पट्टा वळवतात. पाहुणा येतो, पट्टे पाहून मान डोलावतो आणि मग नेमका तिथे जाऊन उभा राहतो जिथे ना पट्टा आहे, ना रंग, ना कुणाची तयारी.

चाकणच्या बाजूला गाड्यांचे भाग करणारा आमचा मध्यम आकाराचा कारखाना. ग्राहक कंपनीनं लीन ऑडिटसाठी आपला एक परदेशी ऑडिटर पाठवला होता. माणूस उंच आणि मितभाषी. आल्या आल्या चहा नको म्हणाला, तेव्हाच सगळ्यांना धोका कळला. चहा न घेणारा ऑडिटर म्हणजे पूर्ण वेळ ऑडिट. तो एका सीएनसी लेथसमोर पहिली पाळी संपेपर्यंत स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला. महिन्याभरात रिपोर्ट आला. त्यात ओईई, टाक्ट टाइम आणि फाइव्ह एस हे तीन शब्द पानोपानी होते. वरून आदेश आला की सुपरवायझरना हे "त्यांच्या भाषेत" समजावून सांगा. काम माझ्याकडे आलं, कारण मी प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला आहे आणि प्रोजेक्टरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

श्रोते तिघं. पहिल्या पाळीचे मामा, ज्यांना मशीनच्या आवाजावरून इन्सर्ट किती झिजला ते कळतं. दुसऱ्या पाळीचे दादा, जे सहसा बोलत नाहीत, पण बोलले की मीटिंग संपते. तिसरा नुकताच सुपरवायझर झालेला डिप्लोमावाला भाऊ, जो सगळं आधी वाचून आला होता आणि म्हणून सर्वांत जास्त अडचणीचा होता.

पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं : ओईई ६१ टक्के.

"म्हणजे फर्स्ट क्लास," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं. साठच्या वर फर्स्ट क्लास, हे महाराष्ट्रात गुणपत्रिका पाहिलेल्या कुठल्याही माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी म्हटलं, मामा, यात ८५ ला चांगलं म्हणतात. मामा म्हणाले, "आमच्या नातीला दहावीला एक्क्याण्णव पडले. म्हणून ती काय जपानला जाऊन बसली?"

ही ८५ ची रेघ जपानहूनच आली आहे. सेइइची नाकाजिमा यांनी टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्सच्या पद्धतीत हे मोजमाप बसवलं. मशीन चालू असायला हवं त्यापैकी ९० टक्के वेळ ते चालू असावं, चालू असताना ठरलेल्या वेगाच्या ९५ टक्के वेगानं चालावं आणि निघालेल्या मालातला ९९ टक्के चांगला असावा, अशी त्यांची अपेक्षा. या तिघांचा गुणाकार साधारण ८५ होतो. घोळ होतो तो या गुणाकारामुळे. तीन विषयांत ८०, ८१ आणि ९४ पडले तर आपल्याकडे सरासरी काढून ८५ होतात आणि पेढे वाटले जातात. इथे त्यांचा गुणाकार करतात, मग ६१ उरतात आणि मीटिंग बोलावली जाते.

"पण आमच्या रजिस्टरमध्ये चौऱ्याण्णव टक्के आहे," मामा म्हणाले. खरंच होतं. टार्गेट १६०, निघाले १५०, म्हणजे ९४ टक्के. हे १६० कुणी ठरवलं ते मात्र कुणालाच आठवेना. बहुधा आधी कधीतरी १६० निघाले असावेत आणि कुणाच्या तरी चांगल्या दिवसाचं पुढच्या सगळ्यांचं टार्गेट झालं असावं.

मी प्रोजेक्टर बंद केला आणि फळ्यावर ऑडिटरनं पाहिलेली ती एक पाळी मांडली. सकाळी सात ते साडेतीन म्हणजे ५१० मिनिटं. त्यातून अर्धा तास जेवण आणि दोन वेळचा चहा वीस मिनिटं वजा केला की उरली ४६०. इथपर्यंत एकमत होतं. या ४६० पैकी मशीन ९२ मिनिटं बंद होतं. सेटिंग बदलायला ४५, कास्टिंगची ट्रॉली येईपर्यंत २५ आणि चकचा हायड्रॉलिक प्रेशर कमी झाल्याचा अलार्म आला त्यात २२. राहिली ३६८ मिनिटं, म्हणजे बरोबर ८० टक्के. हेही मान्य झालं. उलट मामांनी तीनही कारणांमागची माणसं नावानिशी सांगितली आणि त्यातला एकही आमच्या खात्याचा नव्हता.

मग मी विचारलं, एक जॉब किती वेळात निघतो? दोन मिनिटात, तिघंही एका सुरात म्हणाले. ८० सेकंद कटिंग, ४० सेकंद जॉब काढणं, लावणं आणि गेज फिरवणं. मग ३६८ मिनिटांत निघायला हवेत १८४. निघाले १५०. दीडशे जॉबची झाली ३०० मिनिटं. बाकीची ६८ मिनिटं कुठे गेली?

खोलीत शांतता पसरली. मशीन बंद पडलं तर रजिस्टरमध्ये कारण लिहायचा रकाना असतो. इथे मशीन चालू होतं, दिवा हिरवा होता, ऑपरेटर जागेवर होता, कूलंट उडत होतं आणि तरी तासाभराहून जास्त वेळ नाहीसा झाला होता. भाऊनं पाठ केलेलं सांगितलं, "सर, मायनर स्टॉपेजेस अँड स्पीड लॉस." मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं सासरे इंग्रजी बोलणाऱ्या जावयाकडे पाहतात.

आम्ही चौघं उठून मशीनपाशी गेलो. ओईई समजावून घ्यायची योग्य जागा तीच, खोलीत फक्त त्याचा उच्चार शिकता येतो. दहा मिनिटं नुसतं पाहत उभे राहिलो. चिप नीट तुटत नव्हती. लांब सुतासारखी निघून टूलला गुंडाळत होती आणि ऑपरेटर दर काही जॉबनंतर दार उघडून हुकानं ती ओढून काढत होता. प्रत्येक वेळी अर्धं-पाऊण मिनिट. याला तो थांबणं मानत नाही. नाकाचा शेंबूड पुसण्याची कुणी नोंद ठेवतं का? पण पाळीभरात त्याची अठरा मिनिटं होत होती.

उरलेली ५० मिनिटं एका नॉबमध्ये होती. सीएनसीच्या पॅनलवर फीड ओव्हरराइड नावाचा एक गोल नॉब असतो. प्रोग्रॅममध्ये फीड काहीही लिहिलेला असो, या नॉबवर तो टक्क्यांत कमी-जास्त करता येतो. त्याची खूण १०० वर हवी, ती ८० वर होती. ८० टक्के फीडला ८० सेकंदांचं कटिंग १०० सेकंदांचं होतं. जॉबमागे २० सेकंद, दीडशे जॉबना ३००० सेकंद, म्हणजे बरोबर पन्नास मिनिटं. नॉबच्या त्या ८० च्या आकड्याभोवतीचा रंग बोटांनी गुळगुळीत झालेला होता. १०० भोवतीचा रंग मात्र मशीन आलं त्या दिवशीइतका ताजा.

"हे कुणी केलं?" भाऊनं विचारलं. हा प्रश्न शॉप फ्लोअरवर विचारायचा नसतो. ऑपरेटरनं कूलंटच्या टाकीकडे पाहिलं. मामांनी ऑपरेटरकडे पाहिलं. शेवटी दादा बोलले. खरेदी खात्यानं मागे इन्सर्ट बदलला. नवा स्वस्त आहे, पण पूर्ण फीडला त्याची कड उडते. कड उडाली की बोर लहान होतो आणि जॉब रिजेक्ट. शिवाय एका पाळीत किती इन्सर्ट वापरले याची नोंद ऑपरेटरच्या नावावर होते आणि महिन्याच्या शेवटी ती नोटीस बोर्डावर लागते. मिनिटं कुणाच्याच नावावर लागत नाहीत. तेव्हा ऑपरेटरनं इन्सर्ट वाचवले आणि मिनिटं खर्च केली. त्याच्या जागी मी असतो तर ७० वर ठेवला असता.

ओईईचा आकडा तुम्हाला या नॉबपर्यंत आणून सोडतो, हे त्याचं मोठं काम. पण नॉब मागे का फिरवला हे तो सांगत नाही. ते दादांना माहीत होतं, आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. तिसरा भाग दर्जाचा. दीडशेतले नऊ वाया गेले होते, सेटिंगनंतरचे पहिले चार आणि फीड कमी करूनही कड उडाली तेव्हाचे पाच. म्हणजे चांगले १४१. त्यांचा वेळ २८२ मिनिटं, भागिले ४६०, बरोबर ६१. मामांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे, पण वागणूक वाईट आहे."

दुसऱ्या दिवशी टाक्ट टाइम. ही व्याख्या ऐकायला सोपी आहे. हाताशी असलेला वेळ भागिले ग्राहकाला हवे असलेले जॉब. दोन पाळ्यांची ९२० मिनिटं, रोजची मागणी ३२०, म्हणजे १७२ सेकंदांना एक जॉब. त्यात मशीनचा काहीही संबंध नाही. मशीन नवं घ्या, जुनं घ्या, ग्राहकानं मागणी बदलली नाही तर टाक्ट तसाच. हेच कुणाला पटेना. मामांच्या मते वेळ मशीनचा असतो, ग्राहकाचा नसतो. ग्राहकाला फक्त घाई असते.

दादांनीच वाट काढली. पंगतीत गरम पुऱ्या वाढायच्या असतील तर तळणाऱ्यानं कढईकडे नाही, पानांकडे बघायचं, असं ते म्हणाले. खाणारे मिनिटाला दहा उचलतायत तर दहा तळ. वीस तळल्यास तर दहा गार होऊन परातीत पडतील आणि पाच तळल्यास तर लोक ताटावर हात आपटतील. भाऊनं हे वहीत लिहून घेतलं. मीही घेतलं, पण टेबलाखाली.

एवढ्यानं मामांचं समाधान होईना. "मशीन १२० सेकंदात काढतंय, तुमचा ग्राहक १७२ ला मागतोय. मग बावन्न सेकंद काय करायचं? मशीन बंद ठेवायचं?" मी म्हटलं, हो, पुढे माल लागत नसेल तर बंद ठेवायचं. चालू मशीन बंद ठेवा म्हणणारा माणूस मामांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांच्या मते मशीन बंद दिसणं हे शॉप फ्लोअरवरचं सर्वांत मोठं पाप. जास्तीचा माल काढून ट्रॉलीत रचला की मन शांत राहतं, आणि पट्टा वळवून ज्यांना जागा करून दिली होती त्या ट्रॉल्या नेमक्या अशाच मनःशांतीनं भरलेल्या होत्या. त्यातल्या कित्येक जॉबवर गंज चढला होता.

तरीही प्रश्न बिनतोड होता. मशीन ग्राहकापेक्षा इतकं वेगवान आहे, तर दर गुरुवारी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आम्ही कामावर का येतो? इथे दोन्ही आकडे एकत्र आणावे लागतात. कागदावर मशीनला एक जॉब काढायला १२० सेकंद लागतात. पण दोन पाळ्यांत चांगले जॉब निघतात १४१ दुणे २८२. म्हणजे ९२० मिनिटांत दर १९६ सेकंदांना एक चांगला जॉब. ग्राहकाचा ठेका १७२ चा, आपला १९६ चा. रोज ३८ कमी पडतात, सहा दिवसांत २२८. ते भरून काढायला गुरुवारी एक पूर्ण पाळी आणि वर अर्ध्याहून थोडी जास्त. मामा बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. गुरुवार कुठून येतो हे त्यांना प्रथमच आकड्यांत दिसलं होतं. आजवर तो कॅलेंडरमधून येतो असं वाटत होतं.

अर्थात टाक्टमध्ये एक भाबडेपणा आहेच. ग्राहक रोज ३२० मागतो असं तो धरून चालतो. आमचा ग्राहक महिन्याचे पहिले पंधरा दिवस झोपलेला असतो आणि पंचवीस तारखेनंतर त्याचा फोन येतो, की आज गाडी निघाली नाही तर लाइन थांबेल. टोयोटावाले टाक्ट वापरायच्या आधी मागणी सपाट करून घेतात. आमच्याकडे टाक्ट शिकवायला माणूस पाठवणारा आणि पंचवीस तारखेला फोन करणारा ग्राहक एकच आहे. हे रिपोर्टमध्ये कुठेही नव्हतं.

फाइव्ह एसला सगळे खुशीत होते, कारण त्यात गणित नव्हतं. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, साफ करा, याची पद्धत पाडा आणि ती टिकवा. मामा म्हणाले, हे आम्ही दरवर्षी खंडेनवमीला करतो. खरंच करतात. त्या दिवशी मशीन इतकं लख्ख असतं की त्याला हळदीकुंकू लावताना भीती वाटावी. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली दोन "एस" परत कपाटात जातात.

मामांचं कपाट हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लाल टॅग लावायला आम्ही ते उघडलं. बंद झालेल्या मॉडेलचं फिक्स्चर, तीन किल्ल्या ज्यांची कुलपं नाहीत, एक कुलूप ज्याची किल्ली नाही, गणपतीच्या मखराचा थर्माकोल आणि अर्धवट झिजलेले इन्सर्ट डबाभर. नियम असा की ज्याबद्दल शंका असेल त्याला तारीख घालून लाल टॅग लावायचा, ते वेगळ्या जागी ठेवायचं आणि तीस दिवसांत कुणी मागितलं नाही तर निकालात काढायचं. प्रत्येक वस्तूला मामांचं एकच उत्तर होतं, "लागेल कधीतरी." फिक्स्चर भंगारात गेलं. आणि काही दिवसांनी जुन्या मॉडेलच्या स्पेअर पार्टची ऑर्डर आली. मॉडेल बंद झालं तरी वाहन कंपन्या त्याचे सुटे भाग अनेक वर्षं मागत राहतात, हे भंगारवाल्याला सोडून आम्हा सगळ्यांना माहीत असायला हवं होतं. त्यानंतर मामांसमोर लाल टॅग घेऊन जायची कुणाची हिंमत झाली नाही.

पण त्याच साफसफाईत दोन गोष्टी हाती लागल्या. सेटिंगच्या त्या ४५ मिनिटांतली पंधरा मिनिटं पाच एमएमची एलन की आणि चकचे सॉफ्ट जॉ शोधण्यात जात होती. भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या काढलेला बोर्ड होता, पण तो ऑडिटरसाठी. खरी एलन की ऑपरेटरच्या खासगी डब्यात, कुलपात. सार्वजनिक ठिकाणी ठेवलेली एलन की दुसऱ्या पाळीला टिकत नाही, हा त्याचा अनुभव होता आणि अनुभवाला आकृती पुरत नाही. शेवटी प्रत्येक मशीनला स्वतंत्र संच दिला आणि त्याच्या दांड्याला त्या मशीनचा रंग लावला. कुणाची की कुणाकडे आहे ते लांबूनच दिसायला लागलं, तेव्हा चोऱ्या थांबल्या. पिवळा रंग कधी नव्हे तो उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट हायड्रॉलिक पॅकमागे सापडली. तिथली चिप आणि तेलाचा चिखल पत्र्यानं खरवडून काढला, तेव्हा खाली होजच्या जोडातून तेल पाझरताना दिसलं. तो बावीस मिनिटांचा प्रेशरचा अलार्म इथून येत होता. मेंटेनन्सवाले दर वेळी वरून तेल भरून जात होते. तिसऱ्या एसला साफसफाई म्हणतात, पण साफ करताना डोळे उघडे ठेवणं हे त्यातलं खरं काम. खंडेनवमीला डोळे मिटलेले असतात.

एवढं झाल्यावर वरून प्रश्न आला, की पुढच्या ऑडिटला ७५ कधी दिसणार. भाऊनं रातोरात एक्सेलमध्ये ७९ करून आणले. त्यानं दोनच बदल केले होते. नाही तरी जॉबला दोन मिनिटं वीस सेकंद लागतायत, म्हणून प्रमाण वेळ तेवढा धरला. आणि सेटिंग ठरलेलंच असतं म्हणून त्याची ४५ मिनिटं चहाजेवणासारखी आधीच वजा केली. एकही जॉब जास्त न निघता ओईई अठरा टक्क्यांनी वाढला. हा आजार ओळखायचा उपाय सोपा आहे. आकडा वाढला की गुरुवारची पाळी कमी झाली का, तेवढं विचारायचं.

खरा उपाय नॉबमध्ये होता आणि तो फळ्यावर अगदी स्वच्छ दिसत होता. जुना इन्सर्ट परत आणा, नॉब १०० वर न्या, ती ५० मिनिटं मिळाली की २५ जॉब जास्त. १७५ निघाले, नऊ गेले तरी १६६ चांगले. ग्राहकाला पाळीमागे हवेत १६०. गुरुवार संपला. खरेदी खात्यानं कुरकुर केली, कारण महागड्या इन्सर्टचा खर्च त्यांच्या नावावर पडणार होता, पण अखेर मान्य केलं. मी विजयी मुद्रेनं ही बातमी सांगायला गेलो.

टाळ्या वाजल्या नाहीत. दादांनी मला मशीनच्या मागे नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, की गुरुवारची ओटी दुप्पट दरानं मिळते. एकाचा मोटरसायकलचा हप्ता गुरुवारवर चालतो, एकाच्या मुलीची क्लासची फी. ऑडिटरच्या रिपोर्टमध्ये त्याला रकाना नाही. "तुमचं चुकलं नाही साहेब," दादा म्हणाले, "पण शंभरवर नॉब राहायचा नाही."

राहिला नाहीच. आता तो ९० वर असतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. पाळीला चांगले १५४ निघतात, ओईई ६७ येतो, आठवड्याला सत्तरेक जॉब कमी पडतात आणि गुरुवारी सकाळी अर्धी पाळी भरते.